हे 'नुकतंच' कुणाचं?

जून २०२३ मधली गोष्ट. आमच्या ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात एक शिक्षिका सहा प्रश्नांची यादी ठेवून गेल्या. शाळेतल्या प्रश्नमंजूषेसाठी उत्तरं हवी होती, तीही संध्याकाळपर्यंत, एकाच कागदावर. यादी अशी होती:

१. निर्वात पोकळीत प्रकाशाचा वेग किती?
२. आजवर मान्यता मिळालेली मूलद्रव्यं किती?
३. शुक्राचं मागचं अधिक्रमण कधी झालं आणि पुढचं कधी होणार?
४. नुकत्याच जाहीर झालेल्या नव्या चंद्रांची भर धरली, तर सर्वाधिक चंद्र कोणत्या ग्रहाला आहेत?
५. माणसं घेऊन चंद्रावर उतरलेली शेवटची मोहीम कोणती?
६. प्लूटोला ग्रहांच्या यादीतून कधी काढलं?

अशी यादी हातात आली की पहिल्या दोन-तीन उत्तरांतच हाताला लय सापडते. प्रकाशाचा वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर. मूलद्रव्यं ११८. शुक्राचं अधिक्रमण जून २०१२ मध्ये झालं, पुढचं डिसेंबर २११७ मध्ये. पुस्तक उघडायचं, खात्री करायची, लिहायचं, पुढे जायचं. चौथ्या प्रश्नालाही मी त्याच लयीत उत्तर लिहिलं: गुरू, ९२.

हे उत्तर मी हवेतून काढलं नव्हतं, म्हणूनच ते जास्त फसवं होतं. आमच्या कात्रणांच्या फाइलमध्ये फेब्रुवारी २०२३ च्या पहिल्या आठवड्यातली बातमी होती. गुरूभोवती आणखी १२ चंद्रांची नोंद झाली, त्याचा आकडा ९२ वर गेला आणि त्याने ८३ चंद्रांच्या शनीला मागे टाकलं, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. प्रश्नात 'नुकत्याच जाहीर झालेल्या नव्या चंद्रांची भर' असे शब्द होते, आणि कात्रणात नेमकी तीच भर. कुलपाला किल्ली लागावी तसं ते जुळलं. मी सहाही उत्तरं पूर्ण करून कागद आमच्या विभागातल्या बाईंच्या पुढे सरकवला. तीसेक वर्षं त्या याच खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी वरून खाली नजर फिरवली, चौथ्या ओळीवर पेन्सिल टेकवली आणि विचारलं, "हे 'नुकतंच' कुणाचं? तुझं की त्यांचं?"

मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी तो समजावला, आणि मिश्र यादीतला एखादाच प्रश्न आपल्या माहितीच्या पलीकडचा असू शकतो हे ओळखण्याची सगळी गोम त्या एका वाक्यात होती असं मला आजही वाटतं.

'नुकतंच', 'सध्या', 'अलीकडे', 'ताजं' या शब्दांना स्वतःची तारीख नसते. बोलणारा ज्या दिवशी बोलतो, तिथून ते मोजले जातात. शिक्षिकांचं 'नुकतंच' जूनपासून मागे मोजायचं होतं. मी मात्र ते माझ्या फाइलीतल्या शेवटच्या कात्रणापासून, म्हणजे फेब्रुवारीपासून मोजलं. मधल्या चार महिन्यांत काय झालं याची मला काहीच माहिती नव्हती, आणि माहिती नाही याचीही जाणीव नव्हती. डोक्यातली सगळ्यात ताजी गोष्ट हीच जगातली सगळ्यात ताजी गोष्ट, असं मन गृहीत धरून टाकतं. न वाचलेली बातमी डोक्यात रिकामी जागा ठेवून जात नाही. ती असती तर तिच्यावर बोट तरी ठेवता आलं असतं.

कुणी म्हणेल, मोबाइल काढून बघायचं होतं. त्या दिवशी आमच्याकडचं नेट सकाळपासून बंद होतं आणि तळघरातल्या आमच्या कोपऱ्यात मोबाइलला रेंज कधीच नसते, ही एक बाजू. पण खरं कारण ते नाही. नेट सुरू असतं तरी मी पाहिलं नसतं, कारण पाहावं अशी शंकाच आली नव्हती. शोधण्याआधी शंका यावी लागते, आणि लयीत लिहिणाऱ्याला ती येत नाही.

मग ही शंका यादीतल्या नेमक्या कोणत्या प्रश्नावर घ्यायची? सगळ्यांवर घेतली तर काम संपायचं नाही. बाईंचा हिशोब साधा होता. प्रत्येक प्रश्नापुढे त्या मनात दोन गोष्टी ठेवत: हे उत्तर किती वेगाने बदलतं, आणि ते बदललं तर मला आपोआप कळेल का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बदलतच नाही. १९८३ मध्ये मीटरची व्याख्याच प्रकाशाच्या वेगावरून ठरवली गेली, तेव्हापासून तो आकडा मोजमापाचा न राहता व्याख्येचा झाला आहे. उद्या कुणी जास्त अचूक उपकरण बनवलं तरी त्याने मीटरची लांबी अधिक काटेकोर मिळेल, हा आकडा हलणार नाही. सहावा प्रश्न घडून गेलेल्या घटनेच्या तारखेचा आहे. २४ ऑगस्ट २००६ ला आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने प्राग इथे ठराव केला. उद्या प्लूटोला परत ग्रह म्हटलं, तरी काढल्याची तारीख तीच राहील.

तिसरा प्रश्न 'मागचं कधी, पुढचं कधी' असं विचारतो, म्हणून वरवर ताजा वाटतो. पण शुक्राची अधिक्रमणं आठ वर्षांच्या अंतराने जोडीने येतात आणि मग शंभराहून अधिक वर्षं येत नाहीत. २००४ आणि २०१२ ही जोडी होऊन गेली. आता २११७ पर्यंत 'मागचं' या शब्दाचा अर्थ २०१२ हाच राहणार. इथे 'मागचं' शब्द असूनही धोका शून्य.

दुसऱ्या प्रश्नातला 'आजवर' हा शब्द मात्र पाहायला हवा. मूलद्रव्यांची संख्या वाढू शकते. पण कशी वाढते ते माहीत असलं तर चार महिन्यांच्या अंतराची भीती राहत नाही. ११३, ११५, ११७ आणि ११८ या क्रमांकांना निहोनियम, मॉस्कोव्हियम, टेनेसिन आणि ओगॅनेसन ही नावं सुचवली गेली जून २०१६ मध्ये, आणि ती पक्की झाली नोव्हेंबरमध्ये. त्याआधी प्रयोग, दावे, पडताळणी यात कितीतरी वर्षं गेली होती. मूलद्रव्य यादीत येतं ते असं रांगत रांगत. फेब्रुवारीत ज्याची चाहूलही नाही असं एकशे एकोणिसावं मूलद्रव्य जूनपर्यंत मान्य होऊन बसेल, हे घडण्यासारखं नाही.

पाचवा प्रश्न मला आजही सगळ्यात गमतीचा वाटतो. उत्तर इतिहासातलं: अपोलो १७, डिसेंबर १९७२. पण 'शेवटची' या शब्दामुळे ते उत्तर आजही उघडं आहे. ज्या दिवशी पुन्हा माणूस चंद्रावर उतरेल, त्या दिवशी पन्नास वर्षं जुनं हे उत्तर एका रात्रीत चुकीचं ठरेल. मग जूनमध्ये ते बेधडक कसं लिहायचं? इथे बाईंचा दुसरा प्रश्न उपयोगी पडतो. माणूस चंद्रावर उतरला तर त्याचा गाजावाजा महिनोन्महिने आधीपासून होईल, आणि झाल्यावर तर तळघरात बसलेल्या माणसालाही कळेल. इतक्या मोठ्या गोष्टीबद्दल 'मी काही ऐकलं नाही' हा बऱ्यापैकी भक्कम पुरावा असतो.

चौथ्या प्रश्नाचं नेमकं उलट आहे. शनीभोवती काही किलोमीटर आकाराचे आणखी थोडे खडक सापडले, तर ती बातमी छोट्या चौकटीत येते आणि जाते. ती माझ्या नजरेतून निसटणं अगदी शक्य आहे. म्हणून इथे 'मी ऐकलं नाही' याला काहीच किंमत नाही. शिवाय हे उत्तर एका फटक्यात बदलतं. या चंद्रांची नोंद मायनर प्लॅनेट सेंटर जाहीर करतं, आणि ती एकेक करून येत नाही, झुंडीने येते. ऑक्टोबर २०१९ मध्ये शनीला एका दमात २० चंद्र मिळाले, त्याचा आकडा ६२ वरून ८२ झाला आणि त्याने ७९ चंद्रांच्या गुरूला मागे टाकलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये गुरूने पुन्हा पुढे उडी घेतली. चार वर्षांच्या आत दोन वेळा क्रम उलटलेला, घोषणा झुंडीने होणारी, बातमी बारीक येणारी, आणि वर प्रश्नातच 'नुकत्याच' हा शब्द. सहा प्रश्नांत हा एकच प्रश्न सर्व बाजूंनी उघडा होता. आणि तोच मी सर्वांत जास्त आत्मविश्वासाने सोडवला होता, कारण कात्रण इतकं छान जुळलं होतं!

इथे एक गोष्ट जरा थांबून सांगतो, कारण ती फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. आपली माहिती कुठपर्यंतची आहे, असं विचारलं की आपण हाताशी असलेल्या सगळ्यात नव्या कागदाची तारीख सांगतो. फाइलीत शेवटचं कात्रण फेब्रुवारीचं, म्हणून आपली माहिती फेब्रुवारीपर्यंतची. हे बरोबर नसतं. आमच्याकडे कात्रणं आधी एका ट्रेमध्ये पडायची आणि सवड मिळेल तशी फाइलीत लागायची. त्यामुळे डिसेंबरपर्यंतची फाइल भरगच्च, जानेवारीची निम्मी, फेब्रुवारीची तीन-चार कागदांची, आणि ट्रेमध्ये कधी कुणी न उघडलेला गठ्ठा. माहिती एखाद्या रेषेवर येऊन थांबत नाही. ती हळूहळू विरळ होत जाते, आणि या विरळ भागातच फसगत होते. तिथे काहीतरी असतं, म्हणून आपण समजतो की सगळंच असेल.

छापील वार्षिकांचंही असंच असतं. वेष्टनावरचं साल हे विक्रीचं साल असतं. आतला मजकूर त्याच्या कितीतरी महिने आधी बंद झालेला असतो, आणि त्यातलेही वेगवेगळे विभाग वेगवेगळ्या दिवशी. एकाच पुस्तकातली लोकसंख्या दोन वर्षांपूर्वीची आणि खेळांचे विक्रम दोन महिन्यांपूर्वीचे, असं सर्रास आढळतं. म्हणून बाई वेष्टनावरचं साल कधीच उद्धृत करत नसत. त्या पान उघडून तळटीप शोधत, आणि तळटीप नसेल तर 'तारीख दिलेली नाही' असं लिहीत.

बरं, प्रश्न ओळखला. आता उत्तरात लिहायचं काय? माझ्या पहिल्या तीनही सूचना बाईंनी खोडल्या, त्या क्रमाने सांगतो.

मी आधी म्हटलं, 'माहिती उपलब्ध नाही' असं लिहू. त्यावर त्या म्हणाल्या, "खोटं आहे. निम्मी माहिती आहे तुझ्याकडे." फेब्रुवारीचे आकडे होते, ते अधिकृत होते, आणि शिक्षिकांना ते उपयोगी पडले असते. माहिती अपुरी असणं आणि नसणं यात फरक आहे.

मग मी म्हटलं, कागदाच्या तळाशी टीप टाकू: 'वरील उत्तरांत बदल झालेला असू शकतो.' यावर त्या खरोखर चिडल्या. अशी टीप प्रकाशाच्या वेगालाही लागू होते आणि शनीच्या चंद्रांनाही. शंका सहा ओळींवर सारखी शिंपडली की वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. पाच पक्की उत्तरं उगाच डळमळतात आणि एका डळमळीत उत्तराला पाचांच्या रांगेत उभं राहायला मिळतं. शिवाय व्यवहाराची बाजूही आहे. यादी देणारा माणूस उत्तरं कापून नेतो. चौथी ओळ प्रश्नमंजूषेच्या चिठ्ठीवर जाईल, तळटीप आमच्या कागदावरच राहील. म्हणून शंका त्या ओळीच्या पोटातच हवी, म्हणजे ओळ कुठेही गेली तरी शंका सोबत जाते.

तिसरी सूचना म्हणजे 'गुरू (बहुधा), ९२'. हे 'बहुधा' काय सांगतं? मोजणीत चूक असेल? मला नीट आठवत नसेल? छपाई खराब आहे? वाचणाऱ्याला कारण कळत नाही, त्यामुळे पुढे काय करायचं तेही कळत नाही. फेब्रुवारीपुरतं तर ते उत्तर 'बहुधा' नव्हतंच, ते पक्कं होतं. संशय आकड्यावर नव्हता, तारखेवर होता.

शेवटी कागदावर गेलं ते असं:

"४. आमच्याकडची नोंद फेब्रुवारी २०२३ च्या सुरुवातीपर्यंतची आहे. तिच्यानुसार गुरूला ९२ आणि शनीला ८३ चंद्र. आपण म्हणता ती घोषणा हीच असेल, तर उत्तर गुरू. ती यानंतरची असेल तर आम्ही ती पाहिलेली नाही, आणि शनीला १० किंवा अधिक चंद्रांची भर पडली असल्यास क्रम उलटलेला असेल. २०१९ मध्ये त्याला एकदम २० मिळाले होते. चिठ्ठी छापण्यापूर्वी मायनर प्लॅनेट सेंटरची ताजी यादी पाहावी."

बाकी पाच उत्तरं होती तशीच, एकेका ओळीत, कसलीही पुस्ती न जोडता.

या उत्तरातलं मला सगळ्यात शिकवून गेलेलं वाक्य म्हणजे '१० किंवा अधिक'. 'आम्हाला ठाऊक नाही' एवढ्यावर थांबलो असतो, तर ते प्रामाणिक झालं असतं, पण पांगळं. नऊचं अंतर आहे आणि एका घोषणेत वीसची भर पडू शकते, हे दोन आकडे शेजारी ठेवले की न पाहिलेल्या काळाबद्दलही काहीतरी बोलता येतं. काय घडलं ते सांगता येत नाही, पण काय घडलं तर आपलं उत्तर मोडेल ते सांगता येतं. अंतर नऊऐवजी नऊशे असतं, तर हाच प्रश्न आम्ही एका ओळीत, बिनघोर उत्तर देऊन संपवला असता. म्हणजे प्रश्न ताजा आहे एवढ्यानेच कबुली द्यावी लागते असं नाही. न पाहिलेल्या काळात उत्तर उलटण्याइतकं काही घडू शकतं का, ते पाहावं लागतं.

संध्याकाळी घरी जाऊन मी अर्थातच नेटवर शोधलं. शोधताना काय टाइप केलं? 'गुरू ९२ चंद्र'. फेब्रुवारीच्या बातम्यांची रांग लागली, सगळ्या माझ्या बाजूने. मी समाधानाने झोपलो. दुसऱ्या दिवशी शिक्षिकांचा फोन आला की आम्ही सांगितलेली यादी त्यांनी पाहिली, उत्तर शनी आहे. मे महिन्यातच शनीला आणखी ६२ चंद्र मिळाल्याचं जाहीर झालं होतं आणि त्याचा आकडा १४५ वर गेला होता. मी जे शोधलं त्यात माझं उत्तर आधीच घातलेलं होतं, आणि तेच मला परत मिळालं. 'सर्वाधिक चंद्र कोणाला' असं विचारून, निकाल तारखेप्रमाणे लावून पाहिलं असतं तर पहिल्याच पानावर सापडलं असतं. जुनी माहिती तपासायला तिचेच शब्द वापरू नयेत, हे मी तेव्हापासून पाळतो.

आता याच्या उलट बाजूची एक चूक, जी मी त्याच्या काही महिने आधी केली होती आणि जिच्यामुळे बाई माझ्या याद्या तपासू लागल्या होत्या.

२०२२ च्या शेवटी एका यादीत प्रश्न होता: 'कझाकस्तानची राजधानी अस्ताना कोणत्या नदीकाठी आहे?' मी उत्तर दिलं, इशिम, आणि वर सौजन्याने दुरुस्तीही केली: 'राजधानीचं नाव आता अस्ताना नसून नूर-सुलतान आहे.' माझ्यासमोरचा नकाशासंग्रह २०२१ चा होता आणि त्यात तसं छापलेलं होतं. मार्च २०१९ मध्ये अस्तानाचं नूर-सुलतान झालं होतं, ते मला माहीत होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये ते पुन्हा अस्ताना झालं, ते माहीत नव्हतं. विचारणारा माझ्यापेक्षा पुढच्या तारखेला उभा होता आणि मी त्याला मागे ओढत होतो. त्याने दोन ओळींचं फार सभ्य पत्र लिहिलं. शिवी परवडली असती.

शिळी माहिती नुसतं चुकीचं उत्तर देऊन थांबत नाही, ती बरोबर प्रश्नालाही चूक ठरवते, हे तेव्हा कळलं. प्रश्नात अशी एखादी गोष्ट गृहीत धरलेली असते की जी आपण ऐकलेली नाही: अमुक पदावरचा माणूस बदलला, अमुक संस्थेचं नाव बदललं, अमुक विक्रम मोडला. अशा वेळी मनात दोन प्रतिक्रिया उठतात. एक म्हणजे 'असं काही झालेलं नाही' असं ठणकावणं, आणि दुसरी म्हणजे गप मान डोलावून, ते झालंच आहे असं धरून पुढचं रचणं. दोन्हींत आपण न पाहिलेलं पाहिल्याचा आव आणतो. प्रश्नातली गोष्ट आपल्या नोंदीशी विसंगत असेल, तर आधी दोन तारखा शेजारी ठेवायच्या. माझ्या नकाशाची तारीख २०२१, प्रश्नाची २०२२. शहराचं नाव बदलू शकतं का? तीन वर्षांपूर्वी बदललंच होतं. मग लिहायचं ते एवढंच: 'आमच्याकडच्या २०२१ च्या नकाशात हे नाव नूर-सुलतान आहे. त्यानंतर बदल झाला असल्यास तो आमच्या नोंदीत नाही. नदी इशिम.' नदीचं उत्तर निःशंक द्यायचं, कारण नाव बदललं तरी शहर काठावरून उठून जात नाही.

एकाच प्रश्नाचे असे दोन तुकडे फार वेळा पडतात. 'संस्था कधी स्थापन झाली आणि सध्या तिचा अध्यक्ष कोण' यातला पहिला अर्धा भाग पक्का असतो, दुसरा तारखेवर टांगलेला. पूर्ण प्रश्नावर 'खात्री नाही' असा शिक्का मारणं हे आळशीपणाचं काम आहे.

याहून वेगळा आणखी एक प्रकार आहे, आणि त्याला वेगळंच उत्तर द्यावं लागतं. घटना आपल्याला माहीत असते, पण तिचा आकडा अजून बसलेला नसतो. ११ मार्च २०११ ला जपानजवळ समुद्रात भूकंप झाला. जपानच्या हवामान संस्थेने पहिल्या काही मिनिटांत त्याची तीव्रता ७.९ सांगितली. मग ८.४, मग ८.८, आणि दोन दिवसांनी ९.०. कुणी खोटं बोलत नव्हतं. इतक्या मोठ्या भूकंपात पहिल्या काही मिनिटांच्या नोंदींवरून पूर्ण आकार कळतच नाही, जास्त लांबीच्या लहरी हाती आल्यावर तो कळतो. हे आकडे जवळजवळचे वाटतात, पण या मापात एका अंकाची वाढ म्हणजे बत्तीसपट ऊर्जा. पहिल्या दिवशीचं कात्रण लावून ठेवणाऱ्याच्या फाइलीत तो भूकंप कायमचा लहान राहतो.

इथे 'आमची माहिती अमुक तारखेपर्यंतची' एवढं पुरत नाही, कारण घटना त्या तारखेच्या आतलीच आहे. इथे सांगायचं असतं की हा आकडा घटनेनंतर किती वेळाने घेतलेला आहे. बाई अशा कार्डावर दोन तारखा लिहीत, घटनेची आणि आकड्याची. दोन्हींत महिन्याहून कमी अंतर दिसलं, की ते कार्ड परत पाहण्याच्या गठ्ठ्यात जाई.

त्यांची आणखी एक सवय होती. कार्डावरच्या ज्या नोंदी हलणार नाहीत त्या शाईने, आणि हलू शकणाऱ्या नोंदी पेन्सिलीने, शेजारी महिना आणि साल घालून. यादी समोर आली की कार्डं काढतानाच दिसायचं, कुठल्या ओळीवर थांबायचं ते. प्रकाशाचा वेग शाईत. प्लूटोची तारीख शाईत. अपोलो १७ शाईत, पण 'शेवटची' हा शब्द पेन्सिलीत. हे मी आधी पाहिलं तेव्हा हसलो होतो.

बाई निवृत्त झाल्या, कार्डं माझ्याकडे आली. शनीच्या कार्डावर ८३ खोडून १४५ मी केले. त्या शेजारी पुढे १४६ आले. मग मार्च २०२५ मध्ये एकाच घोषणेत १२८ चंद्रांची भर पडली आणि तो आकडा खोडताना कागद फाटायच्या बेताला आला. म्हणून नवं कार्ड घेतलं. त्यावर आता २७४ आहे, पेन्सिलीत, आणि शेजारी 'मार्च २०२५'.